कुकरच्या तीन शिट्ट्यांवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘ताई, फोटो बघून कंद ओळखायचे आणि लोकांना विषाची भीती घालायची, हा काय प्रकार आहे? कसावा कुकरला लावला, तीन शिट्ट्या झाल्या की सगळं वाफेत उडून जातं. शिंगाडे आणि कमळकाकडी आम्ही लहानपणापासून कच्चीच खातो, काही झालं नाही. मग साबुदाणाही बंद करायचा का? घरी बसून गूगल करून लेख पाडू नका.’

नमस्कार. दुबईच्या एका वाचक ताईंनी पाठवलेल्या तीन फोटोंवरून ते काय आहे आणि कसं शिजवायचं, असा लेख मी लिहिला होता. कसाव्यातून सायनाइड हे विष सुटू शकतं, असं त्यात होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वर दिली आहे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच लागलं. लेख पटला नाही तर तसं लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण ‘लेख पाडू नका’ ही कुठली भाषा? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तरी मी स्वयंपाकघरात काय केलं आणि काय नाही, हे तुम्ही ठरवून मोकळे झालात. वडिलांच्या नोकरीमुळे माझी शाळेची बरीच वर्षं केरळातल्या कोल्लमला गेली. तिथे कसाव्याला, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाला, कप्पा म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या अम्मच्चींकडे तो आठवड्यातून दोनतीनदा तरी शिजायचा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात तुकडे उकळायचे, मग पातेलं कलतं करून ते पाणी परसात ओतून द्यायचं. त्या पाण्याचा थेंबही त्यांनी कधी आमटीत घातला नाही. आम्हा पोरांना कच्चा तुकडा उचलू द्यायच्या नाहीत, हातावर फटका बसायचा. हे गूगलवर शिकलेलं नाही.

तुमचं एक म्हणणं मान्य आहे. फोटोवरून सगळं कळत नाही. दुबईच्या वाचक ताईंनी पाठवलेल्या पहिल्या फोटोतला कंद कसावाच आहे, यात शंका नाही: दोन्हीकडे निमुळता, झाडाच्या सालीसारखी खरबरीत तपकिरी साल, वर मेणाचा चकचकीत थर, कापलेल्या तोंडाशी सालीखाली गुलाबीसर जाड पापुद्रा, आत पांढराशुभ्र गर आणि मधोमध दोऱ्यासारखी शीर. रताळ्याला अशी शीर नसते. पण तो गोड जातीचा की कडू जातीचा, हे कुठल्याही फोटोतून सांगता येत नाही. माझ्या लेखातही तेच लिहिलं होतं, आणि म्हणूनच पुढे शिजवण्यावर एवढं लिहिलं.

आता तुमच्या तीन शिट्ट्या. ‘वाफेत उडून जातं’ हे ऐकायला बरोबर वाटतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे.

कसाव्यात तयार सायनाइड भरून ठेवलेलं नसतं. त्यात लिनामारिन नावाचा पदार्थ असतो, आणि त्याला फोडणारं एन्झाइम पेशीत वेगळ्या जागी असतं. कंद किसला, कुटला, चावला की दोघं एकत्र येतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते खरंच उडून जातं, 26 अंश सेल्सिअसलाच उकळतं. तुमचं वाक्य एवढ्यापुरतं खरं आहे. पण कंदाचे मोठे तुकडे थेट गरम पाण्यात किंवा कुकरात गेले की ते एन्झाइमच आधी निकामी होतं. लिनामारिन मात्र उकळत्या पाण्यात तसंच टिकतं. फोडणारं कोणी उरलं नाही, तर वाफेत उडायला आहे काय? ते फक्त एकाच वाटेने बाहेर पडतं: पाण्यात विरघळून. म्हणून पाणी भरपूर हवं, तुकडे बारीक हवेत, आणि ते पाणी फेकायला हवं. पोटात गेलेलं लिनामारिन मग आतड्यातले जिवाणू फोडू शकतात.

हे कुणाच्या मनचं नाही. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं आहे. साधारण 2 ग्रॅमचे बारीक तुकडे उकळले तर लिनामारिनसारखे पदार्थ सुमारे 75 टक्के कमी झाले. 50 ग्रॅमचे मोठे तुकडे उकळले तर जेमतेम 25 टक्के. आणि वाफवणं, भाजणं, तळणं यांत घट 10 ते 20 टक्क्यांचीच. आता तुमचा कुकर बघा. कंदाचे तीनचार मोठे तुकडे, तळाशी वाटीभर पाणी, वर घट्ट झाकण. तीन शिट्ट्यांत तो लोण्यासारखा मऊ होईल, पण मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. गोड जातीत मुळातच हे पदार्थ कमी असतात, ताज्या कंदाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅम सायनाइडच्या आत, म्हणून बहुतेक वेळा निभावतं. तुमचंही तसंच निभावलं असणार. पण कोरड्या वर्षी तोच वाण जास्त विषारी होतो, आणि लहान मुलाचं वजन तुमच्याएवढं नसतं.

त्या ताईंना मी जे सांगितलं ते परत सांगते. दोन्ही टोकं कापा. सुरीने उभी चीर पाडून वरची साल आणि खालचा गुलाबी पापुद्रा दोन्ही सोलून काढा, कारण सालीत हे पदार्थ सर्वांत जास्त असतात. गरात निळ्याकाळ्या रेषा दिसल्या तर कंद शिळा झालाय, टाका. मधली शीर काढून पातळ काप करा, कंदाच्या पाचपट पाण्यात अर्धा तास उकळा, पाणी ओता. त्यानंतर काय ते तळा, परता, खोबरं घाला. शिजल्यावरही कडवट लागला तर खाऊ नका. खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, गरगरणं, जोरात श्वास असं झालं तर दवाखान्यात जा आणि कसावा खाल्ल्याचं आवर्जून सांगा.

साबुदाण्याचा टोमणा मारायची गरज नव्हती. तमिळनाडूतल्या सेलमच्या साबुदाण्याच्या कारखान्यांत कंद सोलून किसतात, पाण्यात धुऊन गाळतात, खाली बसलेलं पीठ घेतात. म्हणजे पेशी फुटतात, सायनाइड सुटतं आणि उरलेलं पाण्याबरोबर जातं. तुमच्या कुकरात यातलं काही होत नाही. एकादशी खुशाल करा.

शिंगाडा आणि कमळकाकडी यांत सायनाइड आहे असं मी म्हटलेलंच नाही, लेख नीट वाचा. दुसऱ्या फोटोतली भोकाभोकांची चकती कमळकाकडी, आणि तिसऱ्यातला गोल, तपकिरी, कांद्यासारख्या कड्यांचा गड्डा म्हणजे चिनी शिंगाडा. आपला शिंगाडा नव्हे. आपल्या शिंगाड्याला शिंगं असतात, आणि ते फळ आहे. शिंगाडा आणि कमळकाकडी यांचा धोका तळ्यातला आहे. डुकरांची किंवा माणसांची विष्ठा जिथे मिसळते, अशा पाण्यात, आतड्यात राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या अळ्या सालीला चिकटतात, आणि शिंगाडा दातांनी सोलला की थेट तोंडात जातात. बिहार, उत्तर प्रदेश, आसाममध्ये असे रुग्ण सापडले आहेत. उकळलं की त्या मरतात. कमळकाकडी शिजल्यावरही कुरकुरीत राहते, म्हणून ‘कच्ची आहे का’ म्हणून घाबरू नका, आणि भोकांतला चिखल धुऊन काढा. ‘काही झालं नाही’ यावर मी आणखी काय बोलणार?

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. पण तिच्याखाली या उत्तराचा दुवा दिला आहे, कारण उद्या कुणी फक्त तुमचं वाक्य वाचून घरात पोरांसाठी कुकर लावेल.