गल्ला वाढला, नफा घटला: मिसळीच्या भावाचा हिशोब

«प्लेटमागे ४० रुपये सुटतात, म्हणजे पहिल्या प्लेटपासून नफा! भाव दहा टक्के उतरवा, खप वीस टक्के वाढला की नफा वाढलाच. आणि खप जेवढा जास्त, तेवढा धंदा सेफ.» (नाशिकच्या मिसळवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

हिशोबासाठी पाथर्डी फाट्याकडचं एक मध्यम हॉटेल धरू. मिसळ ९० रुपये. मटकी, तर्री, फरसाण, पाव, पापड, दही, कांदा-लिंबू आणि गॅस मिळून प्लेटला ५० रुपये लागतात. हा बदलता खर्च, प्लेट गेली तरच होतो. म्हणून ४० सुटतात हे खरं आहे.

पण ते ४० आधी घरमालकाचे आणि आचाऱ्याचे. भाडं ३५ हजार, आचारी २२ हजार, वाढपी दोघे मिळून २६ हजार, विजेचं बिल ५ हजार, कर्जाचं व्याज ४ हजार, भांडी-फर्निचरची झीज ४ हजार. आणि स्वतःचा पगार २४ हजार, जो बहुतेक जण धरतच नाहीत आणि मग नफा दिसतो तो खरं म्हणजे स्वतःची मजुरी असते. एकूण १,२०,००० रुपये, एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी लागणारे. १,२०,००० भागिले ४०, म्हणजे ३,००० प्लेट. हा ब्रेक-इव्हन. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं असेल तर रोज साधारण ११६ प्लेट गेल्यावर खर्च निघतो, नफा त्यानंतरच्या प्लेटपासून.

आता भाव उतरवण्याचं. महिन्याला ३,७५० प्लेट जातात असं समजा. ब्रेक-इव्हनच्या वरच्या ७५० प्लेटचे प्रत्येकी ४०, म्हणजे ३० हजार नफा. भाव ९० वरून ८१ केला. मटकीवाला आणि पाववाला काही दहा टक्के सोडत नाहीत, त्यामुळे ती ९ रुपयांची कपात पूर्णपणे त्या ४० मधूनच जाते. उरतात ३१. खप मेसेजप्रमाणे वीस टक्के वाढला, ४,५०० प्लेट. गल्ला ३,३७,५०० वरून ३,६४,५०० झाला. रात्री नोटा मोजताना बरं वाटतं. पण ४,५०० गुणिले ३१ म्हणजे १,३९,५००. त्यातून १,२०,००० वजा केले की उरले १९,५००. गल्ला २७ हजारांनी चढला आणि नफा साडेदहा हजारांनी उतरला. ही चोरी गल्ल्यात कधी दिसत नाही, भाडं आणि किराण्याची उधारी एकत्र द्यायची वेळ आली की दिसते.

खप किती वाढायला हवा, ते आधीच काढता येतं: कपात भागिले कपातीनंतर प्लेटमागे उरणारी रक्कम. इथे ९ भागिले ३१, म्हणजे २९ टक्के. तेवढं झालं तर नफा फक्त जुन्या जागी येतो. चहाचं वेगळं आहे. १५ रुपयांच्या चहाला ५ खर्च असेल, तर दीड रुपया कमी केल्यावर साडेआठ उरतात आणि १८ टक्के वाढ पुरते. तिथे हा मेसेज चालेल, मिसळीला नाही.

'सेफ' म्हणजे काय, तेही मोजू. खप कितीने पडला तर तोटा सुरू होतो, ती मार्जिन ऑफ सेफ्टी. ९० च्या भावाला ३,७५० मधल्या ७५० प्लेट, म्हणजे वीस टक्के. ८१ च्या भावाला ब्रेक-इव्हन ३,८७१ वर सरकतो, त्यामुळे ४,५०० खपूनही मार्जिन १४ टक्केच. जास्त खप, कमी सुरक्षितता.

त्यातही ही वाढ दोन वाढप्यांना झेपेल असं आपण गृहीत धरलं. रविवारी सकाळी टेबलं आधीच भरलेली, त्यात आणखी गर्दी आली की तिसरा मुलगा ठेवावाच लागतो, आणि त्याचा पगार रोज लागतो, मंगळवारी टेबलं रिकामी असली तरी. १३ हजार वाढले की ब्रेक-इव्हन ४,२९० च्या थोडा वर जातो, नफा ६,५०० आणि मार्जिन पाच टक्क्यांच्याही आत.

आणि लासलगावला कांदा चढला की? कांदा नि तेल मिळून प्लेटला ४ रुपये वाढले असं धरा. जुन्या भावाला ३६ सुटतील, ब्रेक-इव्हन ३,३३४. अकरा टक्के जागा अजून शिल्लक. ८१ च्या भावाला सुटतात फक्त २७, आणि तो तिसरा मुलगा नसला तरी ब्रेक-इव्हन ४,४४५. म्हणजे ४,५०० प्लेट विकून ५५ प्लेटचं अंतर. महिन्यातला एक पावसाळी रविवार ते खातो.

एक कच्चा दुवा माझ्याही गणितात आहे. बदलता खर्च विकलेल्या प्लेटवर लावला, पण मटकी भिजते ती अंदाजाने. रात्री उरलेली तर्री आणि दुसऱ्या दिवशी कडक झालेले पाव ५० रुपयांत धरलेले नाहीत. भाव उतरवताना मालक जास्त गिऱ्हाइकाच्या आशेने पातेलं मोठं लावतो, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज किती पाव आणले आणि किती परत उरले, एवढं वहीत लिहा. प्लेटचा खरा खर्च त्यातूनच कळेल आणि तो ५० निघण्याची शक्यता कमीच.