नर्न्स्ट समीकरण: E° ला दोनने गुणू नका, आणि सेल इतक्यात संपवू नका

«नर्न्स्टच्या गणितात समजण्यासारखं काही नसतं. अर्ध-अभिक्रियेला दोनने गुणलं की तिचं E° पण दोनने गुणा, मग 0.0591/n log Q वजा करा, झालं उत्तर. दोन्हीकडचं कॉन्सन्ट्रेशन सारखं झालं की सेल संपला. आणि E° प्लस आलं म्हणजे रिॲक्शन पुढेच जाणार, कॉन्सन्ट्रेशनने फक्त दशांशात फरक पडतो.»

बारावीच्या उजळणीच्या काळात हे टिपण हातोहात फिरते. त्यातले प्रत्येक विधान एकाच सेलवर तपासता येते, म्हणून सगळा प्रतिवाद त्याच सेलच्या आधाराने करतो. एका बीकरमध्ये कॉपर नायट्रेटचे 0.10 M द्रावण आणि त्यात तांब्याची पट्टी. दुसऱ्यात सिल्व्हर नायट्रेटचे तेवढ्याच आकारमानाचे 0.010 M द्रावण आणि त्यात चांदीची तार. दोहोंमध्ये पोटॅशियम नायट्रेटचा सॉल्ट ब्रिज. तापमान 25 °C. प्रमाण क्षपण पोटेन्शियल चांदीचे +0.80 व्होल्ट आणि तांब्याचे +0.34 व्होल्ट. चांदीचे मूल्य जास्त असल्यामुळे तिच्या बाजूला क्षपण होते, तांब्याच्या बाजूला ऑक्सिडीकरण होते, आणि एकूण अभिक्रिया अशी लिहिली जाते:

Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag

इलेक्ट्रॉनांची संख्या जुळवण्यासाठी चांदीची अर्ध-अभिक्रिया दोनने गुणावी लागते, आणि पहिली चूक नेमकी इथे शिरते. टिपणाप्रमाणे गेल्यास 1.60 − 0.34 = 1.26 व्होल्ट असे उत्तर येते, तर खरे उत्तर 0.80 − 0.34 = 0.46 व्होल्ट आहे. व्होल्ट म्हणजे दर कूलोंबमागे मिळणारे ज्यूल. अभिक्रिया दुप्पट लिहिली की ऊर्जा दुप्पट होते आणि वाहणारा विद्युतभारही दुप्पट होतो, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर जागच्या जागी राहते. दोन किलो साखर घेतली म्हणून साखरेचा दर दुप्पट होत नाही, तसेच हे आहे. दुप्पट होते ते ΔG°, आणि तो गुणक ΔG° = −nFE° या सूत्रातल्या n मध्ये आधीच बसलेला असतो. आपल्या सेलसाठी n = 2 घेतल्यावर ΔG° सुमारे −88.8 किलोज्यूल येते. त्यात E° ही दुप्पट केले तर तोच गुणक दोनदा मोजला जातो.

हा गैरसमज अगदीच हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवे. दोन अर्ध-अभिक्रिया जोडून तिसरी अर्ध-अभिक्रिया तयार करायची असते तेव्हा n ने गुणावेच लागते. Fe³⁺ पासून Fe²⁺ चे E° +0.77 व्होल्ट आहे आणि Fe²⁺ पासून Fe चे −0.44 व्होल्ट. यांवरून Fe³⁺ पासून थेट Fe चे मूल्य काढताना नुसती बेरीज केली तर +0.33 येते, आणि ते चूक आहे. (1 × 0.77) + (2 × −0.44) = −0.11, आणि याला एकूण तीन इलेक्ट्रॉनांनी भागले की −0.04 व्होल्ट हे योग्य मूल्य मिळते. इथे इलेक्ट्रॉन समीकरणात शिल्लक राहतात, म्हणून ऊर्जांची बेरीज करून शेवटी भागाकार करावा लागतो. पूर्ण सेलमध्ये दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन एकमेकांना छेदून जातात, त्यामुळे E° कॅथोड वजा E° ॲनोड एवढ्यावर काम भागते. मात्र ही वजाबाकी करताना दोन्ही मूल्ये क्षपणाचीच ठेवावीत. ॲनोडचे चिन्ह आधी बदलून नंतर पुन्हा वजा करणाऱ्यांना या सेलसाठी 1.14 व्होल्ट मिळतात.

आता नर्न्स्टचे समीकरण. वाल्थर नर्न्स्ट यांनी ते 1889 मध्ये मांडले. 25 °C ला त्याचे रूप E = E° − (0.0592/n) log Q असे होते, कुठे 0.0591 छापलेले असते, त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते n आणि Q वेगवेगळ्या समीकरणांतून उचलल्यामुळे. आपल्या अभिक्रियेसाठी Q = [Cu²⁺]/[Ag⁺]² आहे; घन तांबे आणि घन चांदी त्यात येत नाहीत. किमती घातल्या की Q = 0.10/(0.010)² = 1000, त्याचा log 3, आणि E = 0.46 − 0.0296 × 3 = 0.371 व्होल्ट.

हीच अभिक्रिया एका इलेक्ट्रॉनासाठी, म्हणजे ½Cu + Ag⁺ → ½Cu²⁺ + Ag अशी लिहिली तर n = 1 होतो, Q मध्ये तांब्याच्या संहतीचे वर्गमूळ येते, log Q 1.5 होतो आणि वजा होणारी संख्या 0.0592 × 1.5 म्हणजे पुन्हा 0.089 च राहते. समीकरण कसेही लिहा, सेलला त्याची खबर नसते. पण n = 1 धरून Q मात्र वर्गासह घेतला तर उत्तर 0.282 येते, आणि n = 2 धरून वर्ग विसरला तर 0.430 येते. परीक्षेत असे आकडे ओळखता येत नाहीत, कारण तिन्ही मूल्ये दिसायला सारखीच शहाणी वाटतात. म्हणून उत्तराकडे पाहण्यापेक्षा ज्या संतुलित समीकरणातून Q घेतला त्याच समीकरणातले इलेक्ट्रॉन n म्हणून घेतले आहेत ना, एवढे तपासावे. कॅल्क्युलेटरवर log ऐवजी ln दाबले गेले तर 0.256 येते, तीही नेहमीची गफलत आहे.

सेल संपण्याबद्दलचे विधान सगळ्यांत जास्त दिशाभूल करते. समजा त्याच सेलमध्ये सुरुवातीला Ag⁺ 0.20 M आणि Cu²⁺ 0.05 M घेतले. सेल चालू लागला की दर दोन Ag⁺ मागे एक Cu²⁺ तयार होतो, त्यामुळे एका क्षणी दोन्ही संहती बरोबर 0.10 M होतात. त्या क्षणी Q = 0.10/0.01 = 10, म्हणजे E = 0.43 व्होल्ट. सुरुवातीला 0.457 होते, संहती सारख्या होईपर्यंत तीन शतांश व्होल्टही कमी झालेले नाहीत. डॅनियल सेलमध्ये तर जस्त आणि तांबे दोन्ही 1:1 प्रमाणात असल्याने संहती समान असताना Q = 1 असतो आणि E पूर्ण 1.10 व्होल्ट असते.

गोंधळाचे मूळ संहती-सेलमध्ये आहे. दोन्हीकडे एकच धातू आणि त्याचेच आयन असले की E° शून्य असते, आणि तिथे संहती सारख्या झाल्या की E खरोखर शून्य होते. तेवढ्या एका प्रकारातला निष्कर्ष सगळ्या सेलना लावला जातो. इतर सेलमध्ये E शून्य होते ते Q समतोल स्थिरांक K इतका झाल्यावर. आपल्यासाठी log K = 2 × 0.46/0.0592 = 15.5, म्हणजे K सुमारे 3.5 × 10¹⁵. मूळच्या 0.010 M सेलमधले 90 टक्के Ag⁺ संपले तरी E 0.31 व्होल्ट असते, 99 टक्के संपले तरी 0.25. ते शून्य होईपर्यंत Ag⁺ ची संहती सुमारे 5.5 × 10⁻⁹ M पर्यंत खाली आलेली असते. log मुळे उतार असा आळसावलेला असतो: संहती दहापट घटते तेव्हा ठरावीक 0.059 व्होल्टच जातात. व्होल्टेज पाहून सेलमध्ये किती टक्के माल उरला आहे याचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

शेवटचा मुद्दा दिशेचा. E° फक्त एवढेच सांगते की सगळ्या संहती 1 M असताना अभिक्रिया कोणत्या बाजूला जाईल. समोरच्या बीकरमधली दिशा E ठरवते, E° नव्हे. चांदीच्या बीकरमध्ये साधे मीठ टाका, इतके की मुक्त Cl⁻ 0.10 M उरेल. द्रावण लगेच दुधासारखे पांढरे होते, कारण सिल्व्हर क्लोराइड खाली बसू लागते. त्याचा विद्राव्यता गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰ असल्यामुळे द्रावणात फक्त 1.8 × 10⁻⁹ M एवढे Ag⁺ उरतात. आता Q = 0.10/(1.8 × 10⁻⁹)², log Q सुमारे 16.5, आणि E = 0.46 − 0.0296 × 16.5 = −0.03 व्होल्ट. चिन्ह उलटले. E° +0.46 जसेच्या तसे आहे, पण सेल उलटा चालतो: चांदी ऑक्सिडीकृत होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते आणि तांब्याच्या पट्टीवर तांबे जमा होते. सॉल्ट ब्रिज पोटॅशियम क्लोराइडचा का घेतला नाही, याचेही उत्तर यातच आहे. तो घेतला असता तर त्याच्या तोंडाशी तोच पांढरा गढूळपणा दिसला असता आणि व्होल्टमीटरचा आकडा गणिताशी जुळणे कठीण झाले असते.

K जितका मोठा, तितकी संहती टोकाला न्यावी लागते, हे मात्र खरे. डॅनियल सेलचा K 10³⁷ च्या घरात आहे, तो नुसत्या पातळीकरणाने उलटवता येत नाही. त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत E° चे चिन्ह आणि E चे चिन्ह एकच निघते. E° अर्ध्या व्होल्टच्या आत असेल, आणि त्यातही एखादा आयन अवक्षेपित होत असेल किंवा संकुलात बांधला जात असेल, तर E° वर थांबू नये.

वरच्या −0.03 बद्दल एक खुलासा आवश्यक आहे. समीकरणात खरे तर संहती नव्हे, ॲक्टिव्हिटी यायला हवी, आणि 0.1 M द्रावणात, विशेषतः Cu²⁺ सारख्या दुहेरी भाराच्या आयनाची ॲक्टिव्हिटी संहतीच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. त्यामुळे मीटरवरचा आकडा गणितापेक्षा एक-दोन शतांश व्होल्ट इकडे-तिकडे जातो. 0.37 च्या जागी 0.36 दिसले तर फारसे बिघडत नाही, पण शून्याच्या इतक्या जवळ नुसत्या संहतीवरून चिन्हाची खात्री देऊ नये. प्रयोगशाळेत हे उलटणे दाखवायचे असेल तर मीठ वाढवून क्लोराइड 1 M च्या आसपास न्यावे. तेव्हा गणिताने E सुमारे −0.09 व्होल्ट येते, आणि ॲक्टिव्हिटीची दुरुस्ती केली तरी ते ऋणच राहते.