तीन अंगठे आणि एक खांब

बावीस वर्षांची नोकरी सोडून मी ठाण्यात स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून व्यवसाय थाटला, तेव्हा ५०० व्हिजिटिंग कार्डे छापून घेतली होती आणि ती घ्यायला ११ माणसे सापडली, त्यांतले चौघे नातेवाईक होते. एका मुरलेल्या स्नेह्याने सांगितले की, आपल्या धंद्यात काम कोणीतरी नाव सुचवल्याने येते आणि नावे सुचवणारी माणसे हल्ली ग्रुपवर असतात. म्हणून मी कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दाखल झालो आणि एका व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्वासाठी अर्जही केला. त्या अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी होती. म्हणजे शिफारशी मिळण्याच्या ठिकाणी शिरण्यासाठीच आधी शिफारशी गोळा करायच्या होत्या.

संघटनेच्या ग्रुपवर पोहोचल्यावर ध्यानात आले की, तेथे माझ्यासारखेच स्ट्रक्चरल इंजिनीअर कामाच्या शोधात बसले आहेत, आणि न्हाव्यांच्या संमेलनात गिऱ्हाईक मिळत नसते. (मातीपरीक्षण करणाऱ्या एका गृहस्थांशी तेथे ओळख झाली आणि त्यांच्याकडून पुढे दोन कामे आली, कारण पायाच्या मातीचा अहवाल हाती पडल्यावर मालकाचा पुढचा प्रश्न ‘आता डिझाइन कोण करणार?’ हाच असतो.) तेव्हा खरी भिस्त बॅचच्या ग्रुपवर होती. तेथे मी ‘सर्व प्रकारची स्ट्रक्चरल कामे केली जातील’ असे रंगीत पत्रक टाकले. सुप्रभाताच्या गुलाबाखाली आणि एका वाढदिवसाच्या केकवर ते पडले, त्याला तीन अंगठे आले, कोणीतरी ‘अभिनंदन’ म्हणाले आणि विमा एजंट झालेल्या एका मित्राने लगेच स्वतःचे पत्रक टाकले.

पत्रकाचा दोष मला उशिरा कळला. ‘सर्व प्रकारची कामे’ हे कोणाच्याही लक्षात राहत नाही. शेजाऱ्याच्या तोंडून ‘आमच्या बिल्डिंगचे ऑडिट करायचे आहे’ हे शब्द निघाले, तर ऐकणाऱ्याला तेवढ्या एका शब्दावरून माझे नाव आठवले पाहिजे. त्याशिवाय नाव सुचवणारा स्वतःची पत पणाला लावत असतो. मी घोटाळा केला, तर लिफ्टमध्ये टोमणे त्याला ऐकावे लागतात. म्हणून मी परिचयात ‘जुन्या सोसायट्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट’ एवढेच ठेवले आणि गप्प बसलो, जे मला जड गेले.

दोन महिन्यांनी मेकॅनिकलच्या एका वर्गमित्राने स्टिल्ट पार्किंगमधील खांबाचा फोटो टाकला. सिव्हिलवाले सोडून सर्वांनी निदान केले. कोणी वॉटरप्रूफिंगचा रंग सुचवला, तर कोणी वास्तुदोष काढला. मी फोटो मोठा करून पाहिला. भेग सळईच्या रेषेने उभी गेली होती आणि कडेला तांबूस डाग होते. मी लिहिले, ‘आतली सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. हलक्या हातोडीने ठोकून पाहा; पोकळ आवाज आला, तर कव्हर सुटले आहे. वरून प्लास्टर करू नकोस, गंज आत चालूच राहील आणि तुला मात्र दिसणार नाही. पाणी कोठून येते ते आधी शोध. मात्र फोटोवरून खांब सुरक्षित आहे किंवा नाही, हे मी सांगणार नाही.’ हे शेवटचे वाक्य लिहिताना फुकट सल्ल्याची सीमा मी आखत होतो. फोटोत भेग दिसते, भार दिसत नाही.

ग्रुपवर त्यावर एकही अंगठा आला नाही. तीन आठवड्यांनी मात्र वर्गमित्राचा खासगी मेसेज आला, “पोकळ वाजतोय रे. कमिटीशी बोलशील का?” इमारत ३२ वर्षांची होती, आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचे ऑडिट तिच्या नशिबी एकदाही आले नव्हते.

मी भेटीला जाण्याआधीच दुरुस्तीचा ठेका घेणाऱ्या दुसऱ्या वर्गमित्राचा फोन आला. “तू अहवालात काम जरा दणकून लिही, तुझे दहा टक्के पक्के.” त्याला मी समजावले की, किती दुरुस्ती हवी हे ठरवणाऱ्यानेच दुरुस्तीच्या बिलातून वाटा घेतला, तर प्रत्येक खांब आजारीच निघणार. तो म्हणाला, “कॉलेजात तू इतका कडक नव्हतास.” कमिटीने ‘बॅचमेट’ म्हणून सवलत मागितली, तेव्हा मी फी कमी केली नाही, पण ज्याने नाव सुचवले होते त्याला प्रत्येक टप्प्यावर कळवत राहिलो, आपण दिलेल्या नावाचे पुढे काय झाले, हे त्याला शेजाऱ्याकडून कळू नये.

अहवाल दिल्यावर त्याने ग्रुपवर माझे जाहीर आभार मानले. तीन अंगठे आले. त्यांच्या मागोमाग विमा एजंटाचा प्रश्न आला, “बिल्डिंगचा विमा आहे का?” इतक्या महिन्यांत त्याचे बोलणे प्रथमच विषयाला धरून होते, आणि विमा खरोखरच नव्हता. मी सेक्रेटरींना त्याचे नाव सुचवले, आणि त्या रात्री झोप लागेना, कारण पत आता माझी पणाला लागली होती.