डेकालीन: सिस फ्लिप होऊन ट्रान्स होत नाही, आणि ट्रान्स अडकतं ते स्टेबल असल्यामुळे नाही

"डेकालीनचं एवढंच लक्षात ठेवा. ट्रान्स जास्त स्टेबल म्हणून रिजिड, अजिबात हलत नाही. सिस अनस्टेबल म्हणून सारखं फ्लिप होतं आणि फ्लिप होता होता शेवटी ट्रान्स बनतं. परीक्षेत एका ओळीचे दोन मार्क फिक्स!"

डेकालीन म्हणजे एक बॉण्ड सामाईक असलेल्या दोन सायक्लोहेक्झेन रिंगा, आणि त्यावरचा हा मेसेज मला या महिन्यात तीन ग्रुपवरून आलाय. मार्क मिळतीलही, पण त्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठेतरी घसरलंय.

आधी शेवटचंच घेऊ, कारण ते सगळ्यात चुकीचं आहे. फ्लिप म्हणजे सिंगल बॉण्डभोवती फिरणं, त्यात एकही बॉण्ड तुटत नाही. सिस की ट्रान्स हे ठरतं जोडावरच्या दोन हायड्रोजनवरून, दोघं रिंगच्या एकाच बाजूला असले तर सिस आणि विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. कितीही फिरवा, बॉण्ड तोडून परत जोडल्याशिवाय हे बदलत नाही. फ्लिपमध्ये अ‍ॅक्सियलचं इक्वेटोरियल होतं, म्हणजे रिंगला उभा असलेला हात कडेने आडवा होतो, पण वरचं खाली होत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत एमएस्सीला आलेली पोरंसुद्धा करतात. ही दोन वेगळी द्रव्यं आहेत बाबांनो, सिस उकळतं १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि ट्रान्स १८७ च्या आसपास, रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर ह्युकेलने १९२५ मध्येच दोन्ही वेगळी करून दाखवली होती. सिस आपोआप ट्रान्स होत असतं तर सिसची बाटली विकत मिळालीच नसती.

आता "स्टेबल म्हणून रिजिड". साधं सायक्लोहेक्झेन घ्या, त्याच्या चेअरमध्ये, म्हणजे खुर्चीसारख्या आकारात, ताण जवळपास नाहीच, आणि तरी ते रूम टेंपरेचरला सेकंदाला लाखभर वेळा फ्लिप होतं. म्हणजे स्टेबल असणं आणि अडकलेलं असणं यांचा संबंध नाही. ट्रान्स सिसपेक्षा साधारण २.७ किलोकॅलरी प्रति मोलने खाली आहे हे खरं, सिसमध्ये तीन गॉश, म्हणजे ६० अंशांवर जवळ आलेल्या हातांच्या ढकलाढकली, जास्त, प्रत्येकी ०.९, झाला हिशोब. पण हा आकडा सांगतो कोण खाली बसलंय, कोण हलू शकतं ते नाही सांगत.

मग ट्रान्स का अडकतं? यासाठी मी पोरांना घड्याळ काढायला सांगतो. दोन्ही रिंगांमधला जो सामाईक बॉण्ड आहे त्याच्या सरळ रेषेत डोळा लावून बघा, म्हणजे न्यूमन प्रोजेक्शन. पुढच्या कार्बनचे तीन हात: हायड्रोजन १२ वर, पहिल्या रिंगचा हात ४ वर, दुसऱ्या रिंगचा ८ वर. ट्रान्समध्ये मागच्या कार्बनचा हायड्रोजन ६ वर, पहिल्या रिंगचा हात २ वर, दुसरीचा १० वर. घड्याळाचा एक तास म्हणजे ३० अंश, तेव्हा पहिल्या रिंगचे दोन हात ४ आणि २, अंतर ६० अंश, आणि दुसरीचे ८ आणि १०, तेही ६० अंश. चेअरला साधारण एवढाच कोन लागतो, दोन्ही रिंगा खूश.

आता पहिली रिंग फ्लिप करायची म्हणजे तिचा मागचा हात २ वरून ६ वर न्यायचा, ४ च्या दुसऱ्या अंगाला. पण मागचा कार्बन एकच आहे हो, तो फिरला की त्याचे तिन्ही हात चार-चार तास पुढे सरकणार. दुसऱ्या रिंगचा हात १० वरून जातो २ वर, आणि तिचा पुढचा हात बसलाय ८ वर. ८ आणि २, समोरासमोर, १८० अंश! दोन्ही हात अ‍ॅक्सियल, एक वर एक खाली, आणि उरलेल्या दोन कार्बननी त्यांना जोडायचं. त्या हातांच्या टोकांमधलं अंतर होतं साधारण ३.९ आंगस्ट्रॉम, चेअरमध्ये ते ३ च्या आसपास असतं. मध्ये दोन कार्बन आणि तीन बॉण्ड, पूर्ण ताणले तर ३.९ पर्यंत कसेबसे पोचतात, पण मग टोकाच्या कार्बनवरचा कोन मी काढून बघितला तर फार तर ४० अंशांच्या आसपास येतो, जिथे हवा ११० च्या जवळ. असा रेणू नसतो. मॉडेल किटवर जबरदस्ती केली की प्लास्टिकची नळी फटकन उडते, माझ्या वर्गात ती एकदा थेट शेजारच्या टेबलावर गेली होती, आणि तो आवाज फळ्यावरच्या आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहिला.

सिसला हेच करून बघा. पुढचे हात तसेच, मागे पहिल्या रिंगचा हात ६ वर, दुसरीचा १० वर, हायड्रोजन २ वर. मागचा कार्बन चार तास उलटा फिरवा: ६ चा झाला २, १० चा झाला ६, हायड्रोजन गेला १० वर. पहिली रिंग ४ आणि २, दुसरी ८ आणि ६, परत दोन्हीकडे ६० अंश. दोन्ही रिंगा फ्लिप झाल्या आणि कुणाचंच बिघडलं नाही. हेही दिसलं असेल की एकटी रिंग चेअरवरून चेअरवर जाऊच शकत नाही, गेल्या तर दोघी जातात.

म्हणजे "अनस्टेबल म्हणून फ्लिप होतं" हेही गेलं. बिनफांद्यांच्या सिसमध्ये फ्लिपच्या आधीची आणि नंतरची एनर्जी सारखीच, फ्लिप होऊन त्याला काहीच मिळत नाही. उलट त्याचा अडसर सायक्लोहेक्झेनपेक्षा थोडा उंचच आहे, बारा-साडेबारा किलोकॅलरी, तिकडे दहाच्या जरा वर. कारण दोन रिंगा सांभाळत जायचंय.

हे ओळखायचं कसं? कार्बन एनएमआरवर, त्यात प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या कार्बनचा एक सिग्नल येतो, पण इथे एक गंमत आहे. रूम टेंपरेचरला दोघांचेही तीनच सिग्नल येतात, त्यामुळे "तीन सिग्नल म्हणजे रिजिड" म्हणणारा फसतो. ट्रान्सचे तीन हे त्याच्या सिमेट्रीमुळे, थंड केलं तरी तीनच. सिसचे तीन हे फ्लिप इतकं जलद चाललंय म्हणून, नमुना भरपूर थंड केला की फ्लिप मंदावतो आणि तिनाचे पाच होतात.

"अजिबात हलत नाही" हे पण जरा जास्तच झालं. ट्रान्समधली एखादी रिंग ट्विस्ट-बोट या पिळलेल्या आकारात जाऊ शकते, थोडी एनर्जी मोजून, आणि परत त्याच चेअरवर येते. तिला बंद आहे ती फक्त दुसरी चेअर. आणि म्हणूनच ट्रान्स कामाचं आहे: मिथाइलसायक्लोहेक्झेनमध्ये मिथाइल गैरसोयीचं वाटलं की रिंग फ्लिप करून इक्वेटोरियल होतं, ट्रान्स-डेकालीनवर अ‍ॅक्सियल बसवलं तर ते अ‍ॅक्सियलच राहतं, दोन वेगळे आयसोमर हातात येतात. अ‍ॅक्सियल आणि इक्वेटोरियल ओएच वेगळं वागतात का हे अशा अडकलेल्या रिंगांवरच नीट तपासता येतं, रसायनशास्त्रज्ञ बार्टनचं १९५० चं स्टेरॉइडवरचं काम याच विचारावर उभं आहे.

जाता जाता, "सिस म्हणजे फ्लिप होणारच" असं उलटंही पाठ करू नका. पित्तातलं कोलिक अ‍ॅसिड बघा, त्याच्या ए आणि बी रिंगांचा जोड सिसच आहे, पण बी रिंग पुढे सी रिंगला ट्रान्सने जोडलेली. बी फ्लिप व्हायला गेली की तो ट्रान्स जोड वर काढलेल्या १८० अंशांत अडकतो, म्हणून ए-बीचा सिस जोडही तिथे जागच्या जागी बसून राहतो.