टेलर पद्धतीतील दुसऱ्या पायरीबाबत खुलासा

«विकलजे x = ० ला एकदाच काढायची, पुढे प्रत्येक पायरीला तीच वापरायची.»

परीक्षेच्या तोंडावर मुंबईतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे. टेलर श्रेणीने विकलक समीकरण पायरीपायरीने सोडवताना एकदाच काढायची ती विकलजांची सूत्रे. त्यांच्या किमती मात्र प्रत्येक नव्या बिंदूवर पुन्हा काढाव्या लागतात.

y' = x + y, x = ० ला y = १ आणि पायरीची लांबी h = ०.१ घेऊ. येथे y'' = १ + y' असून त्यापुढील सर्व विकलजे y'' इतकीच आहेत. (यातला y' विसरणे ही नेहमीची चूक.) आरंभी y' = १ आणि y'' = २ असल्यामुळे चौथ्या विकलजापर्यंतची पदे घेतल्यास

y(०.१) = १ + ०.१ + ०.०१ + ०.०००३३३ + ०.०००००८ ≈ १.११०३४२

मिळते. आता याच बिंदूवर y' = ०.१ + १.११०३४२ = १.२१०३४२ आणि y'' = २.२१०३४२ होते, या किमती घातल्यावर y(०.२) ≈ १.२४२८०५ येते, जे 2eˣ − x − १ या अचूक उत्तराशी पाच दशांश स्थळांपर्यंत जुळते.

जुन्याच किमती ठेवल्यास ०.११०३४२ ही वाढ जशीच्या तशी पुन्हा मिळवली जाते आणि उत्तर १.२२०६८४ येते, म्हणजे दुसऱ्याच दशांश स्थळी चूक. लागोपाठच्या दोन पायऱ्यांतील वाढ तंतोतंत सारखी दिसली, की वहीत हीच चूक शोधावी.