सपाटीची वकिली

आमच्याकडे प्रोग्रामर घ्यायचे असले की कोडिंगची फेरी माझ्या गळ्यात पडते. त्या फेरीतला प्रश्न कुणीतरी माझ्या आधीच ठरवून ठेवलेला आहे. तो गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेला आणि प्रश्न मात्र माझ्या नशिबी ठेवून गेला.

प्रश्न असा: आकड्यांची एक ॲरे आहे. तिच्यात सलग असा तुकडा शोधायचा, जो आधी चढत जातो आणि मग उतरत येतो. याला म्हणायचं डोंगर. चढ हवाच, उतारही हवाच, म्हणजे किमान 3 आकडे आलेच. शेजारशेजारचे दोन आकडे सारखे निघाले, की डोंगर तिथल्या तिथे मोडला. सर्वांत लांब डोंगराची लांबी सांगायची. ॲरेवरून एकदाच जायचं, मागे वळायचं नाही आणि जादा मेमरी मागायची नाही.

ऐकताना सगळे मान डोलावतात. मग मी फळ्यावर आकडे लिहिते:

5 3 4 6 6 4 2 3 7 5 1 1 0

आणि म्हणते, "आधी नुसतं डोळ्यांनी बघून सांगा."

"सहा!" उत्तर लगेच येतं. 3 4 6 6 4 2 याभोवती झोकात गोल काढला जातो. एकाने तर वर सूर्यही काढला होता.

"मधे 6 6 आहे," मी म्हणते.

"हो मॅडम, पण दिसायला डोंगरच आहे ना? वर जरा सपाट जागा आहे, एवढंच."

इथून माझी दुपार जाते. प्रश्न वाचताना सपाटीबद्दल कुणाची काहीच तक्रार नसते, पण तिच्यामुळे आपला गोल पुसावा लागणार म्हटल्यावर प्रत्येक जण तिचं वकीलपत्र घेतो. शिखरावरची सपाटी चालवून घ्या, पायथ्याची नको. एक चालेल, सलग दोन नकोत. मी आपली घड्याळाकडे बघत "नियमात नाही" एवढंच म्हणत राहते.

वकिली संपली की कोड सुरू होतो. बरेच जण पहिल्या झटक्यात दोन नव्या ॲरे मागतात. एकीत प्रत्येक जागेपर्यंतचा चढ, दुसरीत तिथून पुढचा उतार. उत्तर बरोबर येतं, पण मेमरी ॲरेच्या लांबीइतकी वाढते आणि उतार मोजायला उजवीकडून परत यावं लागतं. काही जण शिखर शोधून दोन्ही बाजूंना पसरतात आणि मग स्वतःच ओशाळून म्हणतात, "हे एन स्क्वेअर झालं." तेव्हा मला त्यांचीच बाजू त्यांच्याविरुद्ध मांडावी लागते. अहो, नाही झालं! दोन शेजारी आकड्यांमधली एक पायरी एकाच डोंगराची असू शकते, त्यामुळे सगळी शिखरं मिळून चालणं ॲरेच्या लांबीच्याच हिशोबात राहतं. अडचण वेगाची नाही, मागे वळण्याची आहे. शिखर सापडल्यावर तुम्ही डावीकडे परत उतरताय, आणि तेच मना आहे.

खरं तर दोन मोजण्या पुरतात. `up` म्हणजे आत्तापर्यंत किती पायऱ्या चढलो, `down` म्हणजे किती उतरलो.

```python
def longest_mountain(a):
    best = up = down = 0
    for i in range(1, len(a)):
        if a[i] == a[i-1] or (down and a[i] > a[i-1]):
            up = down = 0
        if a[i] > a[i-1]:
            up += 1
        elif a[i] < a[i-1]:
            down += 1
            if up:
                best = max(best, up + down + 1)
    return best
```

आता फळ्यावरून चालू या. 5 वरून 3: उतार, पण त्याआधी चढ नाही, म्हणून `best` शून्यच. 3 वरून 4: उतरता उतरता चढ लागला, म्हणजे जुना हिशोब बंद, दोन्ही शून्य आणि `up` एक. 6 ला `up` दोन. मग 6 वरून 6, सगळं पुसलं. पुढचा 4 आणि 2 हा उतार बिनचढाचा, कामाचा नाही. 2 वरून 3, 3 वरून 7: नव्याने `up` दोन. 5 आणि 1: `down` दोन. दोन अधिक दोन अधिक सुरुवातीचा आकडा, झाले पाच. मग 1 1 ने पुन्हा पाटी कोरी आणि शेवटचा 0 वाऱ्यावर. उत्तर 5.

यात एक गंमत दडलेली आहे, आणि तिनेच मला सर्वांत जास्त छळलंय. पुष्कळ जण पहिल्या `if` मधली सारखेपणाची तपासणी लिहीतच नाहीत. त्यांचं म्हणणं, आकडा चढलाही नाही नि उतरलाही नाही, तर काहीच करायला नको. कोड चालवला की उत्तर येतं 6. मग उमेदवार खुर्चीत ताठ बसतो. "बघा मॅडम, मी आधीच सहा म्हणालो होतो!"

कोडने साक्ष दिल्यावर त्याला पटवणं म्हणजे महाकर्मकठीण. पण तो 6 त्याच्या गोलातला नव्हेच. गोलातल्या डोंगराला त्याचा कोड 5 च देतो, कारण 6 6 ही पायरी तो मोजतच नाही, नुसता ओलांडून जातो. सहा आले ते दुसऱ्या टोकाकडून: 2 3 7 5 1 उतरून झाल्यावर 1 1 वरून तो बिनदिक्कत पुढे गेला आणि 0 लाही त्याच उतारात धरून बसला. दोन वेगळ्या चुका, उत्तर एकच. म्हणून मी हल्ली लांबीबरोबर डोंगर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हेही छापायला सांगते. तसं केलं की चेहरे लगेच बदलतात.

पायथ्याचंही असंच. 1 2 1 2 3 1 यात मधला 1 पहिल्या डोंगराचा शेवट आहे आणि दुसऱ्याची सुरुवातही. ज्यांना दोन खुणा सरकवत जायची हौस असते, ते पहिला डोंगर संपला की पुढच्या आकड्यापासून सुरू करतात, मधला 1 गमावतात आणि 4 ऐवजी 3 सांगतात. मोजण्यांच्या पद्धतीत ही भानगड उद्भवत नाही. पायथा तिथे साठवलेलाच नसतो, शेवटी अधिक एक करताना तो आपोआप येतो.

परवा एक मुलगी आली. तिने सपाटीची वकिली केली नाही, कोड नीट लिहिला, आणि वर म्हणाली, "याला पूर्ण ॲरे तरी कशाला हवी? मागचा एक आकडा लक्षात ठेवला तर आकडे एकेक येत राहिले तरी चालेल." मी मनातल्या मनात तिला नोकरी देऊन टाकली. तेवढ्यात तिनेच मला विचारलं, "आकडे सेन्सरचे असतील तर? 6.0001 आणि 6.0002 सपाट धरायचे का?"

"थोडी सूट ठेवायची," मी म्हणाले. "फरक 0.01 पेक्षा कमी असेल तर सपाट."

"मग 0.005 च्या पायऱ्यांनी सावकाश चढत गेलेला अख्खा डोंगर सपाट ठरेल. प्रत्येक पायरी सुटीत बसते."

बरोबर होतं तिचं. शेजाऱ्याशी तुलना केली तर असा डोंगर कितीही उंच गेला तरी दिसतच नाही. मागचा नक्की मोजलेला आकडा धरून ठेवायचा आणि त्याच्याशी तुलना करायची म्हटलं, तर सपाटी नेमकी कुठे सुरू होते याचा नवा वाद उभा राहतो. मी खडू खाली ठेवला, तिच्या कागदावर "पुढच्या फेरीत पाठवावे" असं लिहिलं आणि हा प्रश्न सन्मानाने शेजारच्या केबिनमधल्या साहेबांकडे सरकवला.