7.1 चं करायचं काय?

‘खालील एकसामयिक समीकरणे आलेखाने सोडवा’ या वाक्यात पेन्सिलीला टोक करण्याच्या कष्टांचा उल्लेख नसतो. माझं तर मत आहे की आलेखाचा निम्मा निकाल टोकयंत्रापाशीच लागतो. पेन्सिल बोथट असली की रेषेची जाडी अर्धा-एक मिलिमीटर होते. आलेख कागदाचा लहान चौकोनच मुळी एक मिलिमीटरचा, म्हणजे रेषेच्या आत उत्तर नेमकं कुठे बसलंय हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

उदाहरणाला ही जोडी घेऊ. दिसायला अगदी गरीब.

2x + y = 7
x − y = 1

प्रमाण नेहमीचं: दोन्ही अक्षांवर 1 सेंमी = 1 एकक. पहिल्या समीकरणासाठी (0, 7), (1, 5), (3, 1). दुसऱ्यासाठी (0, −1), (2, 1), (5, 4). रेषा काढायला दोन बिंदू पुरतात, मग तिसरा कशाला, असं विचारणारे लोक असतात. तिसरा बिंदू पहारेकरी आहे. तिन्ही एका रेषेत आले नाहीत, तर तक्त्यात चोरी झाली आहे एवढं तो नक्की सांगतो. बिंदू एकमेकांपासून लांब घ्यावेत हेही खरं. एक सेंटिमीटर अंतरावरच्या दोन ठिपक्यांतून पट्टी लावली, तर ठिपक्यातली अर्ध्या मिलिमीटरची चूक पाच सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत अडीच मिलिमीटरची होते.

सर्वात जास्त बळी घेणारी जागा म्हणजे x − y = 1 मध्ये x = 0. इथे −y = 1 येतं, म्हणून y = −1. पण ते उणे चिन्ह y ला चिकटून इतकं मुकाट बसलेलं असतं की हात आपसूक y = 1 लिहून मोकळा होतो. समजा तसं झालं आणि तिसऱ्या बिंदूचाही कंटाळा केला. (0, 1) आणि (5, 4) जोडले की छान, सरळ, आत्मविश्वासानं भरलेली रेषा मिळते. ती पहिल्या रेषेला साधारण (2.3, 2.4) ला छेदते. आता ताळा: 2 × 2.3 + 2.4 = 7. बरोब्बर! इथेच बहुतेक जण चौकट आखून उत्तर लिहितात आणि वही मिटतात. दुसऱ्या समीकरणात किमती ठेवल्या असत्या, तर 2.3 − 2.4 = −0.1 आलं असतं, आणि हवं होतं 1. छेदनबिंदू पहिल्या रेषेवर असतोच, कारण तो तिच्यावरूनच वाचला आहे. ती रेषा बरोबर असेल तर पहिलं समीकरण खूश होणारच. म्हणून ताळा दोन्ही समीकरणांत घ्यायचा. त्यातून एक फुकटचा फायदाही होतो: जे समीकरण रुसतं, त्याच्याच तक्त्यात चूक शोधायची.

आता सगळं बरोबर केलं असं धरू. उणे एक जागेवर, तिन्ही बिंदू रांगेत, टोक अणकुचीदार. रेषा सत्तरएक अंशांच्या कोनात एकमेकींना कापतात, त्यामुळे छेदनबिंदू स्वच्छ दिसतो. (रेषा जवळजवळ समांतर असत्या, तर त्या बराच वेळ एकमेकींना चिकटून चालल्या असत्या आणि त्या कुठे भेटल्या हे सांगायला साक्षीदार आणावे लागले असते.) वाचन येतं (2.7, 1.7). दुसरं समीकरण: 2.7 − 1.7 = 1, समाधान. पहिलं: 5.4 + 1.7 = 7.1.

सात हवे होते, एक दशांश जास्त आला. या एक दशांशानं माणूस जेवढा खचतो तेवढा मोठ्या चुकीनं खचत नाही. मोठी चूक निदान शोधता येते. इथे अख्खा तक्ता तपासला तरी हाती काही लागत नाही.

कारण चूक तक्त्यात नाहीच. दुसऱ्या समीकरणावरून y = x − 1. ते पहिल्यात ठेवा: 2x + x − 1 = 7, म्हणजे 3x = 8. x = 8/3 आणि y = 5/3. दशांशात 2.666… आणि 1.666…, दोन्हींना अंत नाही. मिलिमीटरच्या चौकोनात तिसरा हिस्सा मारायची सोय नसते, म्हणून डोळा जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. x सुमारे 0.033 नं जास्त, y सुद्धा तितकाच जास्त. पहिल्या समीकरणात x दुप्पट होतो, म्हणजे जादा हिस्से तीन: 3 × 0.033, झाला आपला एक दशांश. दुसऱ्यात वजाबाकी असल्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि ते समीकरण साळसूदपणे 1 दाखवतं.

थोडक्यात, या प्रमाणावर फरक एक-दोन दशांशांचा असेल तर दोष वाचनाचा; एककाच्या आसपास किंवा जास्त असेल तर तक्ता उघडायचा. आणि नेमकं उत्तर लिहायचं ते अपूर्णांकातच: 16/3 + 5/3 = 21/3 = 7, आणि 8/3 − 5/3 = 1.

कागदावरही हे नेमकं वाचता येतं. प्रमाण 3 सेंमी = 1 एकक घ्यायचं. मग छेदनबिंदू आरंभबिंदूपासून आडवा 8 सेंमी आणि उभा 5 सेंमी, थेट ठळक रेघांच्या चौकात बसतो. अडचण इतकीच, की तीनचं प्रमाण घ्यावं हे उत्तरात तीनचा छेद आहे हे कळल्यावरच सुचतं, आणि −1 पासून 7 पर्यंत जायला उभा 24 सेंमी कागद लागतो.